सिरका, सोडा आणि कोरफड : डोक्याच्या त्वचेला फायदा किती, धोका किती?

कोंडा झाला, डोके खाजू लागले, केस तेलकट दिसू लागले की आजकाल डॉक्टरच्या आधी मोबाईल उघडला जातो. तिथे एक नुस्खा हमखास मिळतो. आधी खाण्याच्या सोड्याची पेस्ट करून डोके चोळा, मग अ‍ॅपल सायडर व्हिनेगर म्हणजे सफरचंदाचा सिरका टाकून धुवा आणि शेवटी कोरफडीचा गर लावून ठेवा. तिन्ही वस्तू स्वयंपाकघरातल्या किंवा अंगणातल्या, त्यामुळे 'नुकसान तर काही होणार नाही ना' असे म्हणत बहुतेक घरांत हा प्रयोग होऊन जातो.

पण या तीन वस्तू एकसारख्या नाहीत. एकीचा मर्यादित उपयोग आहे, एकीचा डोक्यावर उपयोग जवळजवळ नाहीच आणि एक बऱ्यापैकी निरुपद्रवी आहे, पण तीही नीट काढली तरच. कुठली कशी, हे आपण एक एक करून बघू.

आधी त्वचेचा आंबटपणा समजून घेऊ

आपल्या डोक्याची त्वचा किंचित आंबट म्हणजे आम्लधर्मी असते. आंबट-खारट मोजण्याचे माप म्हणजे पीएच. ७ म्हणजे साधे पाणी, त्याखाली आंबट आणि त्यावर सोड्यासारखे क्षारयुक्त. डोक्याच्या त्वचेचा पीएच साधारण ५.५ असतो आणि केसाच्या दांडीचा त्याहूनही कमी, ३.७ च्या आसपास. घाम आणि त्वचेतले तेल मिळून हा आंबट थर तयार होतो. त्यामुळे त्वचेतला ओलावा टिकतो आणि जंतूंची वाढही आवाक्यात राहते.

केसाचे बाहेरचे आवरण घरावरच्या कौलांसारखे असते, बारीक खवले एकावर एक बसलेले. आंबट पाण्यात हे खवले मिटून बसतात. क्षारयुक्त पाण्यात ते उचलले जातात, केस एकमेकांत अडकतात, विंचरताना तुटतात आणि राठ दिसतात. २०१४ साली 'इंटरनॅशनल जर्नल ऑफ ट्रायकॉलॉजी' या नियतकालिकात ब्राझीलच्या संशोधकांनी १२३ शाम्पूंचा पीएच तपासून मांडला होता. त्यातल्या जेमतेम ३८ टक्के शाम्पूंचा पीएच ५.५ किंवा त्याखाली होता. म्हणजे दुकानातला शाम्पूही नेहमी त्वचेला साजेसा असतोच असे नाही. सिरक्याची कल्पना इथूनच येते, आणि ती अगदीच खोटी नाही.

सिरक्याचा खरा फायदा कुठे होतो?

पूर्वी आपल्याकडे अंगाच्या साबणानेच केस धुतले जायचे, आणि खेड्यात अजूनही धुतले जातात. बोअरचे पाणी जड असते, त्यात कॅल्शियमचे क्षार असतात. साबण आणि हे क्षार एकत्र आले की न विरघळणारा पांढरट चिकट थर तयार होतो. बादलीच्या कडेला बसतो तोच हा थर. तो केसांवर बसला की धुऊनही केस चिकट आणि निस्तेज राहतात. आंबट पाणी हा थर सोडवते. म्हणून जुन्या बायका शेवटच्या पाण्यात लिंबू पिळायच्या. शिकेकाई तर मुळातच आंबटसर. सफरचंदाचा सिरका याहून वेगळे काही करत नाही. महाग बाटली आणि लिंबाची फोड, काम एकच.

आता बहुतेक जण शाम्पू वापरतात. शाम्पूतला फेस करणारा घटक साबणासारखा थर सोडत नाही. त्यामुळे शाम्पू वापरणाऱ्याला सिरक्याने मिळणारा फरक थोडाच असतो. केस जरा मऊ लागतात, गुंता कमी होतो, चमक येते. हा फायदा केसाच्या दांडीला होतो, त्वचेच्या आजाराला नाही.

कोंड्याचे काय? कोंडा बहुतेक वेळा मॅलासेझिया नावाच्या यीस्टमुळे वाढतो. ही यीस्ट प्रत्येकाच्या डोक्यावर असते. ती त्वचेतल्या तेलावर जगते आणि त्यातून जे आम्ल सुटते, ते काही जणांच्या त्वचेला सोसत नाही. मग खाज येते आणि पापुद्रे पडतात. काचेच्या बशीत तीव्र सिरका बुरशीला रोखतो हे खरे. पण तेवढा तीव्र सिरका त्वचेवर ठेवता येत नाही, आणि त्वचेला चालेल एवढा पातळ केला की त्याचा कोंड्यावर भरवशाचा असर दिसल्याचे पुरावे नाहीत.

सिरका कुठे उलटतो?

बाटलीतल्या सिरक्यात साधारण ५ टक्के अ‍ॅसिटिक आम्ल असते. अमेरिकेत एक छोटा अभ्यास झाला, तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. २२ जणांनी (निम्मे इसब असलेले, निम्मे निरोगी) १४ दिवस रोज १० मिनिटे एक हात पातळ केलेल्या सफरचंद सिरक्यात बुडवून ठेवला. पाण्यात आम्लाचे प्रमाण फक्त अर्धा टक्का होते, म्हणजे एक भाग सिरका आणि नऊ भाग पाणी. तरीही त्वचेचा संरक्षक थर काही सुधारला नाही आणि २२ पैकी १६ जणांना जळजळ किंवा तत्सम त्रास झाला. त्रास सौम्य होता, पण ती हाताची त्वचा होती आणि पाणी चांगले पातळ होते. मोबाईलवरच्या नुस्ख्यात 'निम्मा सिरका, निम्मे पाणी' सांगतात. त्यात आम्ल अडीच टक्के होते, अभ्यासातल्या पाण्याच्या पाचपट! आणि ते खाजवून ओरखडे पडलेल्या डोक्यावर, वर टॉवेल गुंडाळून अर्धा तास!

न मिसळलेला सिरका त्वचेवर बांधून ठेवल्याने रासायनिक भाजल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत. अमेरिकेतल्या १४ वर्षांच्या एका मुलीने इंटरनेटवर वाचून नाकावरचे तीळ काढायला सिरका लावला आणि तिथली त्वचा भाजून निघाली, हे २०१५ साली छापून आले. 'खाण्याची वस्तू आहे, लावायला काय हरकत' हा युक्तिवाद इथेच कोसळतो. मिरचीही आपण खातोच की.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. काही जण पीएचची पट्टी आणून सिरका मोजतात. सिरक्यात सोळापट पाणी घातले तरी पट्टीवरचा आकडा २.४ वरून जेमतेम ३ पर्यंत सरकतो, कारण अ‍ॅसिटिक आम्ल सौम्य प्रकारचे आहे. आकडा फार बदलला नाही म्हणून पाणी घालून उपयोग नाही असे वाटते. तसे नाही. भाजणे हे त्वचेवर एकूण किती आम्ल पडते आणि किती वेळ राहते यावर ठरते. पाणी घातल्याने ते एकूण आम्ल सोळा-सतरापट कमी होते. म्हणून पट्टीपेक्षा चमचा आणि घड्याळ यावर भरवसा ठेवावा.

वापरायचाच असेल तर असा वापरा

एक लिटर पाण्यात दोन मोठे चमचे म्हणजे ३० मिलीलीटर सिरका. याहून जास्त नको. यात आम्ल साधारण ०.१५ टक्के राहते, वरच्या अभ्यासातल्या पाण्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. शाम्पू धुऊन झाल्यावर डोके मागे झुकवून हे पाणी केसांवरून ओता, डोळ्यांत जाऊ देऊ नका. एक ते दोन मिनिटे थांबा आणि साध्या पाण्याने धुऊन टाका. आठवड्यातून एकदा पुरे. 'मदर' असलेला गढूळ सिरका जास्त गुणकारी, असे सांगतात. तो गाळ म्हणजे सिरका बनवणाऱ्या जिवाणूंचा थर, डोक्याला त्याचा वेगळा फायदा सिद्ध झालेला नाही. दुकानात मिळणारे तीव्र 'अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड' किंवा एसेन्स मात्र सिरक्याऐवजी कधीही वापरू नये.

पाणी डोळ्यात गेलेच तर नळाच्या वाहत्या पाण्याखाली पंधरा-वीस मिनिटे डोळा धुवा. नंतरही लाली किंवा अंधुक दिसणे राहिले तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. डोक्याला मुंग्या येण्यापलीकडे आग होऊ लागली तर दोन मिनिटांची वाट न बघता लगेच धुवा.

सोडा : डोक्यावर नको, कंगव्यावर चालेल

खाण्याचा सोडा पाण्यात विरघळला की पीएच साधारण ८.३ येतो. चिमूटभर टाका की चमचाभर, आकडा जवळपास तोच. म्हणजे त्वचेच्या ५.५ पेक्षा बरेच वर. सोडा लावल्यावर केस 'करकर' वाजतात आणि एकदम स्वच्छ वाटतात, म्हणून तो आवडतो. पण ती करकर म्हणजे केसावरचे संरक्षक तेल निघून गेल्याची खूण आहे. पहिले दोन-तीन वेळा छान वाटते. महिनाभर केले की टोके दुभंगतात, त्वचा कोरडी पडते आणि ताणल्यासारखी वाटते. रंग लावलेल्या केसांचा रंग लवकर उतरतो.

कोणी म्हणेल, अंगाच्या साबणाचा पीएच तर ९-१० असतो, मग सोड्याचेच का वाईट? प्रश्न रास्त आहे. साबणही केसांना चांगला नाहीच, पण तो मिनिटभरात धुतला जातो. सोडा मात्र घट्ट पेस्ट करून चोळला जातो. त्याचे न विरघळलेले दाणे पॉलिश पेपरसारखे घासतात आणि मुळाशी अडकलेले दाणे धुतानाही लवकर निघत नाहीत. कोंड्याचे पापुद्रे अशा घासण्याने निघतात खरे, पण खालची त्वचा सोलली जाते आणि आठवड्यात दुप्पट पापुद्रे दिसतात. लोकांना वाटते कोंडा वाढला, म्हणून ते अजून सोडा लावतात.

नावांचा घोटाळा याहून गंभीर आहे. खाण्याचा सोडा वेगळा आणि धुण्याचा सोडा वेगळा. धुण्याच्या सोड्याचा पीएच ११ च्या घरात असतो, तो त्वचेला लागला तर नुसता कोरडेपणा येत नाही, त्वचा भाजते. दोन्ही पांढरी पूड, दोन्ही किराणा दुकानात सुट्या पुडीत मिळतात. आणखी एक, काही जण सोडा पाण्यात उकळून घेतात. उकळल्यावर खाण्याच्या सोड्यातून वायू निघून जातो आणि उरतो तो धुण्याच्या सोड्याच्या जातीचाच क्षार. म्हणजे घरच्या घरी सौम्य वस्तू तीव्र करून घेतली.

सोड्याचा चांगला उपयोग सांगायचा तर कंगवे आणि ब्रश. कोमट पाण्यात एक चमचा सोडा टाकून त्यात तेलकट कंगवा अर्धा तास बुडवा, जुन्या टूथब्रशने घासा, धुवा. कंगव्यावरचे तेल आणि वास दोन्ही जातात.

'सोड्यानंतर सिरका टाकला की हिशेब बरोबर होतो', हे खरे का?

या नुस्ख्याचा सगळा डोलारा या वाक्यावर उभा आहे, म्हणून जरा हिशेब करून बघू. समजा एका ताईंनी दोन मोठे चमचे सोडा घेतला, म्हणजे साधारण २८ ग्रॅम. तो पूर्ण निष्प्रभ करायला ५ टक्के आम्लाचा सिरका किती लागेल? सुमारे ४०० मिलीलीटर. म्हणजे जवळजवळ अर्धा लिटरची अख्खी बाटली. नुस्ख्यात सांगितलेला सिरका असतो दोन मोठे चमचे. त्याने जेमतेम दोन ग्रॅम सोडा मरतो, अर्धा चहाचा चमचाही नाही. तेव्हा सोडा नीट धुतला नसेल तर वरून टाकलेला सिरका तिथेच संपतो आणि त्वचा क्षारयुक्तच राहते. आणि सोडा नीट धुतला असेल तर सिरका सरळ सोललेल्या, कोरड्या त्वचेवर पडतो आणि झोंबतो. दोन्हीकडून तोटाच.

दोन्ही एका वाटीत मिसळले की भसाभस फेस येतो. बघायला मजा वाटते, 'घाण उकरून काढतोय' असे वाटते. प्रत्यक्षात तो फेस म्हणजे निघून जाणारा कार्बन डायऑक्साइड. वाटीत उरते पाणी, एक साधे मीठासारखे क्षार आणि जास्तीचा सोडा. सिरक्याचा आंबटपणाही गेला, तो ज्यासाठी वापरायचा तेच संपले. शिवाय आधी त्वचेला ८ कडे न्यायचे आणि लगेच ३ कडे ओढायचे, याला समतोल म्हणत नाहीत. भाजीत मीठ जास्त झाले म्हणून साखर ओतण्यासारखे ते आहे.

कोरफड : तिघांत बरी, पण पिवळा चीक काढून

कोरफडीचा गर बहुतांशी पाणीच असतो. तो थंडावा देतो, कोरड्या त्वचेवर ओलावा धरतो. कोंड्याच्या तीव्र प्रकारावर, ज्याला सेबोऱ्हिक डर्मटायटिस म्हणतात, १९९९ साली एक चाचणी प्रसिद्ध झाली होती. ४४ प्रौढांना दिवसातून दोनदा चार ते सहा आठवडे ३० टक्के कोरफडीचे मलम किंवा तसेच दिसणारे बिनऔषधी मलम दिले गेले. कोरफड वापरणाऱ्यांचे पापुद्रे आणि खाज दुसऱ्या गटापेक्षा कमी झाली. चाचणी लहान आहे, आणि ते तयार केलेले मलम होते, अंगणातले पान नव्हे. पण सिरका-सोड्यापेक्षा हा पुरावा नक्कीच बरा. केस नव्याने उगवतात किंवा टक्कल भरते, या दाव्याला मात्र आधार नाही.

पान कापले की हिरवी साल आणि पारदर्शक गर यांच्यामध्ये पिवळसर कडू चीक दिसतो. त्यात अ‍ॅलोइन नावाचे द्रव्य असते. तेच पोटात गेले तर जुलाब करते आणि त्वचेला लागले तर खाज, पुरळ आणते. 'मला कोरफड सहन होत नाही' म्हणणाऱ्या बऱ्याच जणांना खरे तर हा चीक सहन झालेला नसतो. म्हणून पान बुडाशी कापून, कापलेली बाजू खाली करून वाटीत पंधरा मिनिटे उभे ठेवा. चीक निथळून जाईल. मग कडेचे काटे आणि साल जाडसर काढा, गर पाण्याखाली धुवा. बोटाला पिवळे लागले नाही म्हणजे झाले. हा गर फ्रिजमध्ये दोन दिवस टिकतो. आंबट वास आला किंवा गुलाबी-तपकिरी झाला तर टाकून द्या.

पहिल्यांदा लावताना कोपराच्या आतल्या बाजूला थोडासा लावून दोन दिवस बघा. खाज, लाली नाही आली तर डोक्याला लावा, वीस-तीस मिनिटे ठेवा आणि धुवा. रात्रभर ठेवून वर प्लॅस्टिकची टोपी घालण्याची गरज नाही. बाजारातले गर्द हिरवे, सुगंधी जेल घेतले तर लेबल वाचा. खरा गर रंगहीन असतो. हिरवा रंग आणि वास बाहेरून घातलेला असतो, आणि अ‍ॅलर्जी बहुधा त्या वासाचीच होते.

केस सुकवून मगच डोके झाका

आमच्या भगिनींसाठी एक वेगळी गोष्ट. गर किंवा सिरक्याचे पाणी लावून, केस ओले असतानाच ओढणी किंवा हिजाब घट्ट बांधून बाहेर पडणे टाळावे. दमट कापडाखाली ऊब आणि ओल दोन्ही राहतात. मॅलासेझियाला हेच हवे असते. पावसाळ्यात कोकण-मुंबईकडे तर केस सुकायलाच तासभर लागतो. दोष हिजाबचा नाही, ओलीचा आहे. बाहेर जायच्या दिवशी सकाळी प्रयोग करण्यापेक्षा आदल्या संध्याकाळी धुवा, सुती अस्तर वापरा आणि घरी आल्यावर केस मोकळे सोडून हवा लागू द्या. डोक्याला लागणारे कापडही नियमित धुवा. टोपी घालणाऱ्या भावांनाही हेच लागू.

घरगुती उपाय थांबवायचा कधी?

साध्या कोंड्यावर औषधाच्या दुकानात मिळणारा २ टक्के किटोकोनाझोलचा शाम्पू सिद्ध झालेला उपाय आहे. आठवड्यातून दोनदा, डोक्यावर तीन ते पाच मिनिटे ठेवून, दोन ते चार आठवडे. लावून लगेच धुतला तर तो काम करत नाही, आणि तक्रार बहुधा त्याचीच असते. ते आठवडे सिरका, सोडा दोन्ही बंद ठेवा, नाहीतर आग कशाने झाली ते कळणार नाही. गरोदर, अंगावर पाजणाऱ्या आया आणि लहान मुले यांच्यासाठी आधी डॉक्टरला विचारावे.

काही गोष्टींत मात्र यातले काहीही न लावता थेट त्वचारोगतज्ज्ञ गाठावा. गोल, गुळगुळीत टक्कल पडले म्हणजे चाई असू शकते. मुलांच्या डोक्यावर केस तुटलेला खवलेदार चट्टा दिसला तर तो गजकर्णाचा प्रकार असू शकतो. त्याला पोटातूनच औषध लागते, वरून सिरका चोळून तो जात नाही, उलट तोवर भावंडांना लागतो. जाड चंदेरी पापुद्रे, पू, रक्त किंवा चार आठवड्यांत न थांबलेली खाज हीही तशीच कारणे. आणि जाताना गेल्या महिन्यात डोक्याला काय काय लावले, त्याची यादी डॉक्टरला सांगा. सोडा लावल्याचे लपवले तर त्याने आलेला कोरडेपणा नवा आजार समजला जाऊ शकतो.